मदत हवी आहे: डिस्काउंट रेट म्हणून नेमका कोणता दर घ्यावा?

नमस्कार. लातूरच्या आमच्या डाळ मिलसाठी 10 लाखांचे यंत्र घेतल्यास वर्षअखेर, यंत्राच्या विक्रीसह, 11.40 लाख हाती येतील असे मी धरले आहे. कर सध्या बाजूला ठेवला आहे. निम्मी रक्कम बँक 11 टक्के व्याजदराने देते आणि निम्मी वडिलांची आहे. तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या व्यवसायात 15 टक्के मिळत असल्याने त्यांचा अपेक्षित परतावा तेवढा आहे. 11 टक्क्यांनी आजचे मूल्य 10.27 लाख येते, म्हणजे यंत्र परवडते. 15 टक्क्यांनी मात्र 9.91 लाखच येते. व्याजदर ही केवळ बँकेच्या पैशाची किंमत असल्याने तो एकटा घेणे मला चुकीचे वाटते. मग भारित सरासरीचे 13 टक्के, ज्याने 10.09 लाख येतात, हाच डिस्काउंट रेट मानावा का? शिवाय कर्जाचा वाटा वाढवल्यास वडिलांची जोखीम वाढून त्यांचे 15 टक्केही बदलावे लागतील का?