मदत हवी आहे: एकच पगार दोन शीर्षांखाली कसा दाखवायचा?

आमच्या छोट्या संस्थेचं वार्षिक अंदाजपत्रक करतेय. पगार, भाडं, कार्यक्रम, प्रशासन अशी चार शीर्षं आहेत. अडलंय ते समन्वयक ताईंच्या पगारावर. आठवड्यातले 3 दिवस त्या वर्ग घेतात, 2 दिवस हिशेब आणि पत्रव्यवहार बघतात. पगार पूर्ण दाखवला तर कार्यक्रमाचा खर्च फारच कमी दिसतो. म्हणून त्यातला 60 टक्के भाग कार्यक्रमातही धरला, तर तेवढीच रक्कम दोनदा मोजली गेली आणि एकूण बेरीज फुगली! (हे रात्री उशिरा लक्षात आलं.)

आता वाटतंय, पगार आणि भाडं आपापल्या ओळीत पूर्ण ठेवून शेजारी 'कार्यक्रम' आणि 'प्रशासन' असे दोन रकाने करावेत. भाड्याची वाटणी जागेच्या वापरावरून करेन. देणगीदारांना हे चालतं का? दिवसांच्या वाटणीसाठी हजेरीपत्रकात कामाची नोंद पुरते का?