मदत हवी आहे: वडिलांची सोन्याची नाणी आणि दोन भाऊ (कथेसाठी)

सांजवात: दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय, एका प्रसंगाशी अडलेय. साताऱ्यातले दोन भाऊ, साल २०१८. वडिलांनी २०१२च्या धनत्रयोदशीला बँकेतून दहा ग्रॅमची पाच नाणी घेतली होती, एकेक ३४,५०० रुपयांना. आता वडील नाहीत आणि सोनं अजून ३२ हजारांच्या आसपासच. धाकट्याला मुलीची फी भरायचीय. तो म्हणतो, "हेच पैसे ठेवीत असते तर दीडपट झाले असते." थोरला नाण्यांना हात लावू देत नाही. दोघं सराफाकडे गेले तर तिथे नेमकं काय घडेल? हातात किती येतील?

विहंग: सराफाकडे कशाला? सीलबंद नाणं, २४ कॅरट, वर पावती. बँकेलाच परत द्यायचं.

पेढीवरचा: शुद्धतेचं बरोबर आहे, पण बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत. लोकांना हे मोडायला निघाल्यावरच कळतं. मग सराफच उरतो. वडिलांनी बँकेला बाजारभावापेक्षा जास्त मोजले होते, ते वरचे पैसे कुणीच देत नाही. त्यात सराफ घट धरतो. दुकानागणिक ती वेगळी, तुम्ही दोन टक्के धरा. म्हणजे एका नाण्याचे ३१,३६०, पाचांचे १,५६,८००. सहा वर्षांनी मुद्दलातच १५,७०० कमी. दागिना घेतलात तर तो घट सोडेलही, पण फी दागिन्याने भरता येत नाही.
अजून एक. मशीनवर कस बघायला तो पाकीट फोडतो, आणि आधी विचारतो, "फोडू ना?" सील गेलं की पुढच्या सराफाकडे पुन्हा तपासणी. माझ्या मते तुमचं भांडण त्या प्रश्नावर पेटेल.

मोरपीस: आणि कर? वारशाचं सोनं, म्हणजे कर नाहीच ना?

पेढीवरचा: वारसा मिळताना नाही, विकताना हिशेब होतो. त्यात वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांचं खरेदीचं वर्ष धरतात. तेव्हाच्या नियमाने किंमत महागाईप्रमाणे वाढवायची. २०१२-१३चा निर्देशांक २००, २०१८-१९चा २८०. म्हणजे ३४,५००चे ४८,३००. कागदावर तोटाच, कर शून्य.

जुनाजाणता: ताई, विकू नका! आईच्या दोन गिन्या मी २०१९च्या सुरुवातीला मोडल्या. २०२०च्या ऑगस्टमध्ये भाव ५६ हजारांवर. अजून झोपेत आठवतं.

सांजवात: काका, नाणी माझी नाहीत, कथेतली आहेत. पण वाचून पोटात तुटलं. पेढीवरचा, "फोडू ना?" घेतेय. थोरला पाकिटावर तळहात ठेवेल, तिथवर दिसतंय मला. २०२० कथेत आणू का? आणलं तर थोरला आपोआप शहाणा ठरतो, आणि त्याला तर भावातलं काहीच कळत नव्हतं.

मोरपीस: नका आणू.

विहंग: आणा. वाचक शोधणारच.