मदत हवी आहे: डॅशबोर्ड उघडायला मिनिट लागतंय, मटेरियलाइज्ड व्ह्यू करू का लाइव्ह क्वेरीच ठेवू?

घाऊकवाला
नमस्कार मंडळी. आमचं औषधांचं होलसेल आहे, चार गोडाऊन. बिलिंग पोस्टग्रेस १४ वर चालतं आणि त्याच डेटाबेसवर मेटाबेसचा एक डॅशबोर्ड लावलाय, मालक आणि सेल्सची पोरं बघतात. बिलं ४२ लाखांच्या आसपास, बिलातल्या ओळी ३ कोटींच्या वर. आजची विक्री, गोडाऊनप्रमाणे विक्री, कंपनीवार महिन्याचा आकडा अशी डझनभर कार्डं आहेत आणि सगळी लाइव्ह क्वेरीवर. सकाळी ११ ते २ बिलिंगची गर्दी असते तेव्हाच सगळे डॅशबोर्ड उघडून बसतात, दर मिनिटाला ऑटो रिफ्रेश चालू, एकेका कार्डाला ४० सेकंद लागतात, आणि मग काउंटरवरची पोरं ओरडतात की बिल सेव्ह होत नाहीये. सगळ्याचे मटेरियलाइज्ड व्ह्यू करून दर पाच मिनिटांनी रिफ्रेश मारावा असा विचार आहे, पण मालकांना आजचा आकडा ताजाच हवा. काय करू?

कोकणी_कोडर
डोळे झाकून मटेरियलाइज्ड व्ह्यू कर. आमच्याकडे केला, डॅशबोर्ड पटकन उघडतो. फक्त रिफ्रेश CONCURRENTLY ने मार, नाहीतर रिफ्रेश चालू असताना वाचणारे सगळे अडकून बसतात. त्याला युनिक इंडेक्स लागतो, एवढंच.

पॉवरबीआयवाली_ताई
आमच्याकडे पॉवर बीआय आहे, इम्पोर्ट मोडवर. प्रो लायसनमध्ये दिवसाला आठच शेड्यूल्ड रिफ्रेश मिळतात, त्यामुळे आमचे साहेब दुपारी एकचा आकडा तीन वाजता बघतात आणि भांडतात. तुम्ही डायरेक्टक्वेरी का नाही वापरत?

घाऊकवाला
ताई, आमचं आत्ताही थेटच चाललंय, तोच तर त्रास आहे :)

जुनाडीबीए
थांबा जरा. व्ह्यूचं नंतर बघू, आधी "आजची विक्री" कार्डाच्या क्वेरीला EXPLAIN (ANALYZE, BUFFERS) लावून प्लॅन इथे टाका. एका दिवसाच्या बिलांना ४० सेकंद लागायचं काही कारणच नाही.

घाऊकवाला
हे घ्या, मुद्द्याचा भाग (वेळ आणि बफर्स काढून टाकलेत):

```
Parallel Seq Scan on bills b (rows=613 loops=3)
  Filter: (date(bill_time) = CURRENT_DATE)
  Rows Removed by Filter: 1403877
```

जुनाडीबीए
सापडलं. तीन वर्करनी मिळून ४२ लाख बिलं वाचली, हाताला लागली १८०० च्या आसपास. bill_time वर इंडेक्स असेलही, पण तुम्ही कॉलमला date() मध्ये गुंडाळलंय, त्यामुळे तो साधा इंडेक्स त्याला वापरताच येत नाही. कॉलम मोकळा सोडा आणि तारखेची हद्द समोरच्या बाजूला लिहा:

```sql
WHERE b.bill_time >=
  date_trunc('day', now(), 'Asia/Kolkata')
```

इंडेक्स नसेल तर CREATE INDEX CONCURRENTLY ने बनवा, म्हणजे बनत असताना बिलिंग थांबणार नाही. बिलाच्या ओळींच्या टेबलात bill_id वर इंडेक्स आहे का तेही बघा, नाहीतर जॉइनला परत तेच रडगाणं. आणि टाइमझोन मुद्दाम लिहिलाय. सेशन यूटीसीवर असेल तर तुमचा "आज" पहाटे साडेपाचला सुरू होतो, रात्री बारानंतर मारलेली बिलं आदल्या दिवसात जातात.

हे केल्यावरही जे कार्ड हळू राहील तेवढ्याचंच व्ह्यूचं बोलू.

घाऊकवाला
भाऊ कमाल! इंडेक्स होता, नुसती क्वेरी बदलली, आजची सगळी कार्डं सेकंदाच्या आत यायला लागली आणि काउंटरची ओरडही थांबली. पण कंपनीवार महिन्याचं आणि मागच्या वर्षाशी तुलना, ही दोन कार्डं अजून ३५-४० सेकंद खातातच.

जुनाडीबीए
ती खाणारच, त्यांना खरंच कोटभर ओळी वाचायच्या आहेत, तिथे इंडेक्स काय करणार. या दोघांसाठी दिवस, गोडाऊन, कंपनी असा गट पाडून एक मटेरियलाइज्ड व्ह्यू करा. पण दर पाच मिनिटांनी नको. पोस्टग्रेस रिफ्रेशला फक्त बदललेला भाग मोजत नाही, पूर्ण क्वेरी पहिल्यापासून चालवतं. CONCURRENTLY मध्ये तर वर आणखी काम, नवा निकाल तात्पुरत्या टेबलात काढायचा, जुन्याशी ओळ न ओळ ताडायचा आणि फरक तेवढा डिलीट-इन्सर्ट करायचा. वाचणारे अडकत नाहीत हे खरं, पण मशीनवरचा भार वाढतो. गर्दीच्या वेळी दर पाच मिनिटांनी हे केलंत तर काउंटरची ओरड परत चालू. मी तरी एकदा सकाळी १० ला, एकदा ३ ला आणि एकदा रात्री मारीन.

कोकणी_कोडर
बरोबर. आणि व्ह्यूमध्ये now() चा एक कॉलम टाक, refreshed_at म्हणून, म्हणजे डॅशबोर्डवर "आकडे इतक्या वाजेपर्यंतचे" असं दाखवता येईल.

जुनाडीबीए
वेळ दाखवा जरूर, पण तो कॉलम व्ह्यूत नको. CONCURRENTLY पूर्ण ओळ ताडतं ना, मग now() मुळे प्रत्येक रिफ्रेशला प्रत्येक ओळ "बदललेली" निघेल आणि अख्खा व्ह्यू डिलीट होऊन परत भरला जाईल. समजा व्ह्यूत साडेसहा लाख ओळी आहेत आणि खरा बदल फक्त आजच्या तीनचारशे ओळींत आहे, तर काम तीनचारशेऐवजी साडेसहा लाखांचं, आणि तेवढ्याच मेलेल्या ओळी मागे. ऑटोव्हॅक्यूम त्या काढत राहतं पण व्ह्यूची फाइल फुगते. तुमच्याकडे असं झालंय का बघायचं असेल तर pg_stat_all_tables मध्ये त्या व्ह्यूचा n_tup_del रिफ्रेशच्या आधी आणि नंतर बघा. वेळ एका वेगळ्या एकोळी टेबलात लिहा.

कोकणी_कोडर
आयला. आमच्याकडे हेच आहे. व्ह्यू ९ जीबीचा कसा झाला याचं कोडं होतं. उद्या बघतो.

घाऊकवाला
आता खरी गोची सांगतो. आजचं कार्ड लाइव्ह आणि महिन्याचं व्ह्यूवरून, म्हणजे दुपारी एकला महिन्याच्या आकड्यात आजची दहानंतरची विक्री नसणार. मालक दोन्ही आकडे शेजारी धरून वजाबाकी करणारा माणूस आहे, लगेच फोन येतो.

जुनाडीबीए
मग व्ह्यूत फक्त कालपर्यंतचं ठेवा आणि कार्डाच्या क्वेरीत UNION ALL ने आजचं लाइव्ह जोडा. आजचा भाग आता सेकंदात येतो, त्यामुळे एकूण कार्डही पटकन येईल. मग दिवसातून तीनदाचीही गरज नाही, रात्री बारानंतर एक रिफ्रेश पुरे. दोन्हीकडची हद्द मात्र एकाच टाइमझोनने लिहा, नाहीतर मधली बिलं दोनदा मोजली जातील नाहीतर गळतील. आणि रात्रीचा रिफ्रेश फेल झाला तर कालचा अख्खा दिवस गायब दिसेल, म्हणून ते वेळेचं टेबल कार्डावर दिसायलाच हवं.

घाऊकवाला
हे आवडलं. पण आमच्याकडे एक्सपायरीचा माल परत आला की काही पोरं क्रेडिट नोट न काढता जुनं बिलच उघडून बदलतात, तेही मागच्या आठवड्याचं. तो बदल रात्रीपर्यंत दिसणार नाही ना?

जुनाडीबीए
नाही दिसणार. व्ह्यूऐवजी साधं समरी टेबल करा आणि बिलाला हात लागला की त्या दिवसाच्या ओळी परत मोजा. जीएसटीआर-१ भरून झाला, म्हणजे पुढच्या महिन्याची ११ तारीख उलटली, की जुना महिना गोठवून टाका, त्यानंतर तसंही बिल हलवायचं नसतं.

सोलापुरी_चादर
समरी टेबल ट्रिगरने भरणार असाल तर सांभाळून. चार काउंटरवरून एकाच कंपनीची बिलं पडली की सगळे त्या एकाच ओळीच्या लॉकसाठी थांबतात. परत बिल सेव्ह होईना.

जुनाडीबीए
ट्रिगरमध्ये बेरीज करायचीच नाही, फक्त "हा दिवस बदलला" एवढी नोंद एका टेबलात इन्सर्ट करायची आणि दर दहा मिनिटांनी एक जॉब तेवढेच दिवस परत मोजेल.

सोलापुरी_चादर
जॉब नोंदी वाचून मोजणार आणि डिलीट करणार, त्या मधल्या वेळात नवी नोंद पडली तर तीही उडाली ना?

जुनाडीबीए
आधी DELETE ... RETURNING ने नोंदी उचला आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नंतर मोजा. तरी रात्री मागच्या ४५ दिवसांचं एकदा सरसकट मोजून घ्याच, ट्रिगरवर माझा एवढा विश्वास नाही.

घाऊकवाला
सध्या व्ह्यू अधिक आजचं लाइव्ह एवढं करतो, बिल बदलणाऱ्या पोरांचं मालकांशी बोलून बघतो. बिलिंग सॉफ्टवेअर बाहेरून घेतलेलं आहे, त्याच्या टेबलावर ट्रिगर लावला तर अपग्रेडच्या वेळी लोचा होईल का, कोणी केलंय का असं?