व्यवसायासाठी छान नाव सुचवा

नवी_वाट: नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण मिळून व्यवसाय सुरू करतोय. छोटं, आकर्षक, लक्षात राहील असं नाव हवंय. कुठलंही चालेल, भरपूर सुचवा!

सुलभाक: उन्नती, आरंभ, अन्वय, सृजन, विस्तार, नवोन्मेष. यातलं घ्या काहीही, सगळी शुभ आहेत.

तिरकामठा: आरंभ नावाने शिकवणी निघते, ढोलपथक निघतं आणि फर्निचरचं दुकानही निघतं. सगळ्यांना शोभणारं नाव कुणाचंच नसतं. धंदा कसला ते तरी सांगा.

नवी_वाट: ते अजून उघड करायचं नाही. नाव तर कशालाही लागू होतं ना? कोडॅक शब्दाला तरी कुठे अर्थ आहे?

कोरी_पाटी: कोडॅकचं उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. कोडॅकचा संस्थापक ईस्टमन याने १८८८ साली तो शब्द मुद्दाम बिनअर्थाचा घडवला, कारण तो दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता नव्हती. पण अशा शब्दात अर्थ भरायचं काम जाहिरातीला करावं लागतं. तेवढं बळ नसेल तर नावानेच थोडं बोललं पाहिजे, आणि काय बोलायचं ते धंद्यावरून ठरतं.

दुसरं म्हणजे, धंदा कळल्याशिवाय नाव मोकळं आहे की नाही हेच तपासता येत नाही. ट्रेडमार्कसाठी बहुतेक देश ४५ वर्गांची एकच यादी वापरतात. १ ते ३४ वस्तूंचे, पुढचे सेवांचे. कपडे २५व्या वर्गात, साबण ३ऱ्यात, शिकवणी ४१व्यात. एखादं नाव कपड्यांसाठी कुणी घेतलेलं असलं तरी शिकवणीसाठी तुम्हाला मिळू शकतं. फार प्रसिद्ध नावांचं मात्र तसं नाही.

अधांतर: एवढं कशाला? डॉट कॉम मोकळं दिसलं की लगेच घेऊन टाका. मग नाव तुमचंच.

कोरी_पाटी: डोमेन आधी पाहावं हे खरं. पण त्याने फक्त पत्ता मिळतो. त्या नावाने आधीपासून तोच धंदा करणारा कुणी असेल तर तो हरकत घेऊ शकतो. आणि स्पेलिंग वेगळं केलं की सुटलो असंही नाही, ऐकायला सारखं असलं तरी अडचण येते.

मधलीसुट्टी: माझ्या बहिणीने नावात 'कुर्ती' घातलं होतं. आता ती पडदे आणि चादरीच जास्त विकते, आणि लोक फोन करून कुर्तीच मागतात. तिने नाव बदलावं का?

तिरकामठा: त्याला वेगळा धागा काढा हो.

नवी_वाट: बरं, सांगते. छोट्या दुकानदारांचे हिशोब लिहून द्यायचे. गिऱ्हाईक बहुतेक मराठी, सगळं काम फोनवर. गंभीर वाटायला हवं, पण सरकारी नको.

कोरी_पाटी: आता मजा आली! हे ३५व्या वर्गातलं काम. 'अचूक हिशोब' सोडा. हे धंद्याचं नुसतं वर्णन आहे, त्यावर हक्क मिळवणं अवघड, आणि शोधलं की शंभर जण निघतात. मला आधी 'ताळा' सुचलं, कारण हिशोबाचा ताळा पाहणं आपण बोलतोच. पण रोमनमध्ये tala लिहिलं की ताला, तळा, टाळा, काहीही वाचता येतं. 'रुजवात' म्हणजे हिशोब पडताळून पाहणं, अर्थाने नेमकं, पण व आला की v का w हा घोळ. 'कीर्द' म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पण हा शब्द आता किती दुकानदारांना कळेल, शंका आहे.

माझं मत 'शिल्लक'. महिनाअखेरीस काय उरलं, हाच तर दुकानदाराचा प्रश्न. ते काम सांगत नाही, कामाकडे बोट दाखवतं. shillak फारसं वेगळं लिहिलं जात नाही. तरी फोनवर पाचसहा अनोळखी लोकांना एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला लावा. निम्म्यांनी वेगळं लिहिलं तर नाव सोडा. मगच ३५व्या वर्गात शोधा.

सुलभाक: शिल्लक म्हणजे उरलंसुरलं ना? शुभ नाही वाटत.

तिरकामठा: दुकानदाराला शिल्लक अशुभ वाटली तर त्याने हिशोब ठेवूच नयेत.

नवी_वाट: मैत्रिणीचंही सुलभाताईंसारखंच म्हणणं आहे, शिवाय तिला इंग्रजी नाव हवंय. मला आवडलं. फोनवर विचारून बघते. पुढे कर भरून द्यायचं कामही घ्यायचंय, तेव्हा हे नाव चालेल का?

कोरी_पाटी: नाव चालेल, पण ते काम कुठल्या वर्गात बसतं ते अर्जाआधी वकिलाला विचारा. इंग्रजीचं तुम्ही दोघी ठरवा. मैत्रिणीला एवढंच विचारा, फोन उचलल्यावर ती ते नाव कसं उच्चारणार आणि समोरचा ते कसं लिहून घेणार?