मदत हवी आहे : जांभ्याच्या तुकड्याचे आकारमान नेमके कसे मोजावे?

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. अनियमित दगडाचे आकारमान काढण्याच्या प्रयोगात एक अडचण येत आहे.

१०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० मिलिलिटरपर्यंत पाणी घेऊन, दोऱ्याला बांधलेला काळा गुळगुळीत गोटा अलगद बुडवला, की पातळी ६३ वर जाते आणि तेथेच राहते. म्हणजे आकारमान १३ घन सेंटिमीटर. पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ डोळ्यांच्या रेषेत ठेवूनच आम्ही वाचन घेतो.

जांभ्याचा कोरडा तुकडा बुडवला, की मात्र पातळी प्रथम ६४ वर जाते, दगडातून बुडबुडे येत राहतात आणि दहा मिनिटांत ती ६२ वर उतरते. छिद्रांतील हवा बाहेर पडून तिच्या जागी पाणी शिरते, हे उघड आहे; बाहेर काढून पुसलेला तुकडा सुमारे २ ग्रॅमने जड भरतो, तेही याच्याशी जुळते. पण पहिले वाचन होण्याआधीच थोडे पाणी आत गेलेले असणार, त्यामुळे १४ हा आकडाही कमीच वाटतो.

छिद्रांसह बाह्य आकारमान हवे असल्यास तुकडा रात्रभर भिजवून, ओलसर फडक्याने वरचेवर टिपून मग बुडवावा, की त्यावर मेणाचा पातळ थर देऊन मेणाचे आकारमान वजा करावे? कोरडे फडके छिद्रांतील पाणीही ओढून घेईल, अशी मला शंका आहे. नववीच्या वर्गात कोणती पद्धत अधिक विश्वासार्ह ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.