मदत हवी आहे: कॅमेरा, लाइट्स आणि लॅपटॉपचा घसारा कसा धरायचा? (इंदूर)

राजवाडा_क्लिक्स
नमस्कार मंडळी. इंदूरला लग्नाची आणि प्रॉडक्ट फोटोग्राफीची कामं करतो. धंदा एकट्याच्या नावावर आहे, जीएसटी नोंदणी नाही. २०२५-२६ चे कागद सीएंकडे देण्याआधी हिशेब स्वतःला कळायला हवा, म्हणून विचारतोय.

त्या वर्षात जूनला नवी कॅमेरा बॉडी घेतली, जीएसटी धरून २,३६,०००. ऑगस्टमध्ये एडिटिंगसाठी लॅपटॉप, १,१८,०००, बारा हप्त्यांवर. धनत्रयोदशीला दोन स्टुडिओ लाइट्स, सॉफ्टबॉक्स आणि स्टँडसकट ५९,०००. नोव्हेंबरमध्ये जुना कॅमेरा ४५,००० ला विकला. मार्च २०२५ अखेरीस जुना कॅमेरा आणि लेन्स मिळून १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये ८०,००० शिल्लक होते.

लॅपटॉपचे भरलेले हप्ते खर्चात टाकायचे का? लाइट्सवर पूर्ण घसारा मिळेल का? आणि जुन्या कॅमेऱ्यातला तोटा वेगळा दाखवता येतो का?

सयाजीगंज_स्टुडिओ
एवढं अवघड नाही हो. कॅमेरा पाच वर्षं चालतो, शेवटी ३६,००० ला जातो असं धरा. उरलेले २,००,००० पाच वर्षांत वाटा, म्हणजे वर्षाला ४०,०००. लॅपटॉपला तीन वर्षं धरा. आमच्याकडे बडोद्यात सगळे असंच करतात.

खातेवही_काका
सयाजीगंज, तुमची पद्धत शूटचा दर ठरवायला उत्तम आहे. वर्षात ८० दिवस शूट असेल तर ४०,००० भागिले ८०, म्हणजे दिवसाला ५०० रुपये नुसत्या बॉडीचे. ते कोटेशनमध्ये धरायलाच हवेत. पण आयकरात आपल्यासारख्यांना वर्षं ठरवून समान वाटणी चालत नाही. तिथे दर ठरलेले आहेत आणि ते दर वर्षी शिल्लक किमतीवर लागतात. कॅमेरा, लेन्स, लाइट्स १५ टक्क्यांत, लॅपटॉप ४० टक्क्यांत. कॅमेऱ्यातही चिप असते म्हणून काही जण त्याला ४० लावतात. ते चूक आहे.

आता राजवाडा यांचे प्रश्न.

हप्ते खर्चात टाकू नका. लॅपटॉप घेतला त्या दिवशी पूर्ण १,१८,००० ची मालमत्ता झाली आणि न भरलेली रक्कम कर्ज झाली. हप्त्यातलं मुद्दल हे कर्जफेड आहे, खर्चात जातं ते फक्त व्याज. हप्ताही खर्चात आणि घसाराही, असं झालं तर एकच पैसा दोनदा वजा होतो. ओळखायची खूण म्हणजे ताळेबंदात लॅपटॉप दिसतो, पण त्याचं कर्ज कुठेच दिसत नाही.

लाइट्सचं गणित तारखेवर आहे. वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर दर निम्मा. २०२५-२६ साठी पूर्ण दराची शेवटची तारीख ३ ऑक्टोबर. दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे दसऱ्याला घेऊन वापरलेली वस्तू आत बसली. धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला, म्हणून तुमच्या लाइट्सवर या वर्षी साडेसात टक्केच. उरलेली किंमत बुडत नाही, पुढच्या वर्षी तिच्यावर नेहमीचा १५ टक्के दर लागतो.

विकलेल्या कॅमेऱ्याचा तोटा वेगळा निघत नाही. एकदा ब्लॉकमध्ये गेल्यावर तो एकटा राहिला नाही. विक्रीचे ४५,००० सरळ ब्लॉकमधून वजा करायचे:

८०,००० अधिक २,३६,००० वजा ४५,००० = २,७१,०००. याचे १५ टक्के ४०,६५०.
लाइट्सच्या ५९,००० चे साडेसात टक्के ४,४२५.
एकूण घसारा ४५,०७५. पुढच्या वर्षासाठी शिल्लक २,८४,९२५.

लॅपटॉप ऑगस्टचा, म्हणून पूर्ण ४० टक्के: ४७,२००. शिल्लक ७०,८००, त्यावर पुढच्या वर्षी २८,३२०.

नोंदणी नसल्यामुळे जीएसटीसकट किंमत धरली आहे. नोंदणी असलेल्याने इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर कॅमेरा २,००,००० लाच धरायचा.

शीटमध्ये D आरंभीची शिल्लक, E ३ ऑक्टोबरपर्यंतची खरेदी, F नंतरची, G विक्री:

```
=ROUND((D2+E2-G2)*15%+F2*7.5%,0)
```

G ही D आणि E च्या बेरजेपेक्षा मोठी झाली तर हे सूत्र वापरू नका. सगळा ब्लॉकच उणे झाला, तर वरची रक्कम अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र होते.

जेलरोड_मिलिंद
दादा, ४५ फार कमी आले. शटर काउंट किती होता? बॉक्स आणि बिल असतं तर पन्नासच्या वर सहज गेला असता.

राजवाडा_क्लिक्स
मिलिंदभाऊ, किमतीचं नाही विचारलं, हिशेबाचं विचारलंय 🙂 काका, मनापासून आभार. तोटा वेगळा निघत नाही हे माहीतच नव्हतं. एक राहिलं: जानेवारीत एका ओळखीच्याकडून जुनी लेन्स घेतली, ३२,००० रोख, साध्या कागदावर पावती. ती १५ टक्क्यांतच ना?

खातेवही_काका
प्रकार १५ टक्क्यांचाच, पण घसाऱ्यासाठी तिची किंमत शून्य. मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम किमतीत धरली जात नाही. यूपीआय किंवा बँकेतून दिले असते तर साडेसात टक्क्यांनी २,४०० तरी मिळाले असते. पावती जपा, मालकी सिद्ध करायला लागेल. आणि प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर नोंदवहीत ठेवा. आयकराला ब्लॉक पुरतो, पण चोरी झाली तर विमावाले नंबरच मागतात.

लष्कर_ग्वाल्हेर
मी ४४एडीखाली रिटर्न भरते, डिजिटल जमेवर ६ टक्के नफा दाखवते. मग काका, मला वरून घसारा वजा करता येईल का? ड्रोन घेतलाय या वर्षी.

खातेवही_काका
नाही ताई. त्या ६ टक्क्यांत घसारा मिळालाच असं कायदा धरतो. पण कागदावर तो दर वर्षी कमी करत राहा. तुम्ही पुढे नियमित हिशेबावर आलात, तर ड्रोनची शिल्लक किंमत मधल्या वर्षांचा घसारा वजा करूनच धरली जाईल. त्या वर्षी खरेदीची पूर्ण किंमत धरून पुन्हा सुरुवात करता येत नाही.

सयाजीगंज_स्टुडिओ
बरं, तारखेचं विचारतो. माझा गिंबल ३० सप्टेंबरला पोचला, पण पहिलं शूट १२ ऑक्टोबरला. ३ ऑक्टोबरच्या आत धरायचा का? बिल तर आतलंच आहे.

खातेवही_काका
बिलाची तारीख नाही चालत, वापराची लागते. पोचल्यावर बॅलन्स करून टेस्ट घेतली असेल तर त्या फाइल्स जपून ठेवा. फाइलच्या माहितीत तारीख असते, घड्याळ बरोबर लावलेलं असेल तर.

लष्कर_ग्वाल्हेर
आमचे सीए म्हणतात की वस्तू वापरायला सज्ज ठेवली होती एवढं पुरे, शूट झालंच पाहिजे असं नाही.

खातेवही_काका
सज्ज ठेवणं म्हणजेच वापर, असं मानणारे निकाल आहेत, ते बहुतेक चालू कारखान्यातल्या राखीव यंत्रांचे. नव्या वस्तूचा पहिलाच वापर झालेला नसताना ते लागू करावेत का, याबद्दल मी साशंक आहे. गिंबलच्या रकमेवर फरक थोडाच पडेल, मी असतो तर निम्मा दर घेतला असता.

सयाजीगंज_स्टुडिओ
टेस्ट क्लिप १ ऑक्टोबरची आहे, घरीच घेतलेली. सीएंना दाखवतो, काय म्हणतात ते इथे लिहितो.