पहिल्याच मेसेजला ग्राहक ‘थँक्स, बाय’ म्हणतो, चॅट कशी बंद करावी?

नवी_शिफ्ट: ब्रॉडबँडच्या चॅट सपोर्टला लागून तीन आठवडे झाले. चॅट माझ्याकडे आली की ‘नमस्कार, काय मदत करू?’ हा मेसेज आपोआप जातो. रोज चार-पाच जण त्यावर नुसतं ‘थँक्यू’ किंवा ‘बाय’ लिहितात. काल एका बाईंना मी ‘अजून काही मदत हवी का?’ विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नको, थँक्यू.’ मी पुन्हा विचारलं. तीनदा नको म्हणायला लावलं त्यांना, फार वाईट वाटलं. काय लिहावं?

प्रसन्न_ठाणे: ‘अजून काही’ विचारायलाच लागतं. नाही विचारलं तर क्वालिटीवाले मार्क कापतात.

टीएल_ताई: प्रसन्न, ते प्रश्न सुटलेल्या चॅटसाठी आहे. इथे आधी काही झालेलंच नाही, मग ‘अजून’ कशाचं? शिवाय प्रश्न विचारला की माणसाला उत्तर द्यावंच लागतं, म्हणजे निघालेल्याला आपण दारात अडवतो. एकच ओळ लिही, प्रश्नचिन्हाशिवाय: ‘धन्यवाद. कधीही काही लागलं तर इथेच लिहा.’ बस.

पण त्याआधी दहा सेकंद हिस्टरी बघ. बऱ्याचदा मागची चॅट उत्तर न आल्यामुळे बंद झालेली असते. ग्राहक राउटर बंद-चालू करून परत येतो आणि ‘थँक्यू’ लिहितो, तर सिस्टीम नवी चॅट उघडते. तो आभार तुझ्या सहकाऱ्याचे मानतोय. अशा वेळी ‘नेट सुरू झालं हे छान. धन्यवाद’ लिहावं, पण मागच्या चॅटमध्ये राउटरचंच बोलणं असेल तरच. अंदाजाने नको.

दुसरं, रांगेतला वेळ बघ. पंधरा मिनिटं थांबून कोणी ‘ओके बाय’ लिहिलं तर तो कंटाळून चाललाय. तिथे ‘फार थांबावं लागलं, माफ करा’ एवढं आधी लिही. आणि बंद करताना ‘प्रश्न सुटला’ टॅग लावू नको, ‘प्रश्न विचारला नाही’ लाव. नाहीतर त्याला रेटिंगचा मेसेज जातो.

साडीवाले_दादर: आमच्या दुकानात ‘काय दाखवू?’ म्हटलं की काही बायका ‘नको, थँक्यू’ म्हणून वळतात. मी ‘बरं, या पुन्हा’ म्हणतो. वडील मात्र ‘निदान बघून तरी जा’ म्हणायचे, आणि काही जणी खरंच बसायच्या. त्यामुळे थांबवूच नये हे मला पटत नाही.

टीएल_ताई: काका, तुम्हाला समोर चेहरा दिसतो. आम्हाला दोन शब्द दिसतात.

प्रसन्न_ठाणे: मग ओळ लिहून लगेच बंद करायचं?

टीएल_ताई: मी दोन मिनिटं खिडकी उघडी ठेवते. काही जण बाय म्हणून मग खरं विचारतात. आमचे मॅनेजर म्हणतात लगेच बंद करा, रांग वाढते. आमचं यावर एकमत नाही.

नवी_शिफ्ट: ताई, कालच्या बाईंची हिस्टरी आत्ता बघितली. सकाळी त्यांनी बिलाबद्दल लिहिलं होतं, मधेच चॅट तुटली होती आणि तक्रार अजून उघडी आहे. त्यांना आता स्वतःहून लिहू का?

टीएल_ताई: लिही. तक्रार क्रमांक टाकून.